नव्वद किलो आणि छप्पन्न रुपये

आमच्या घरात दहा माणसं आहेत. आजी, आई-बाबा, काका-काकू, चुलतभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. घर धायरीला. महिन्याचा किराणा हा आमच्याकडे काकांचा प्रांत, आणि काकांची श्रद्धा दोन ठिकाणी: गुलटेकडीचं मार्केट यार्ड आणि वहिनीच्या भावाच्या नावावरचं एका मोठ्या होलसेल स्टोअरचं मेंबरशिप कार्ड. "कोपऱ्यावरचा दुकानदार लुटतो" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. हल्ली तेच वाक्य रील्समधूनही ऐकू येतं. कुणीतरी ट्रॉली ढकलत सांगतं की आम्ही महिन्याला पाच हजार वाचवतो. बिलाचा आकडा दाखवतात, पण कशाच्या तुलनेत वाचले ते सांगत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे की दर महिन्याला भुसार बाजारात जाणाऱ्या कुटुंबाचं जवळपास काहीच वाचत नाही, आणि त्या स्टोअरमध्ये जाणाऱ्याचं बहुतेक वेळा जास्तच जातं. वाचतं ते एकाच प्रकारे, आणि तेही वाटतं तितकं नाही. सहा महिने वही ठेवून मी हे म्हणते आहे.

आधी मार्केट यार्ड घेऊ. आम्हाला महिन्याला साधारण चाळीस किलो गहू, वीस किलो इंद्रायणी, पाच किलो तूरडाळ, सात किलो साखर, तीन किलो शेंगदाणे आणि आठ किलो तेल लागतं. गहू कोपऱ्यावर ४२ रुपये किलो, यार्डात ३७. म्हणजे २०० रुपये वाचले. इंद्रायणीत किलोमागे ७ रुपयांचा फरक, म्हणजे १४०. तूरडाळीत १२ रुपयांचा, म्हणजे ६०. साखरेत जेमतेम ३ रुपयांचा, कारण साखरेवर कोणताच दुकानदार फार कमवत नाही; तिथे २१. शेंगदाण्यात ४५, तेलात ४०. एकूण ५०६ रुपये.

आता खर्च. काका आणि मी पीएमपीने गेलो, ४० रुपये. तेलाचा डबा धरून नव्वद किलो माल बसमध्ये चढत नाही, म्हणून येताना तीनचाकी टेम्पो, ३५० रुपये. दुकानापासून टेम्पोपर्यंत हमाली ६०. हातात उरले ५६ रुपये आणि रविवारची सकाळ गेली. काका म्हणाले, "छप्पन्न तर छप्पन्न." मी म्हणाले, काका, आपण यार्डाबाहेर दोघांनी मिसळ खाल्ली ती मी धरलेलीच नाही.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. यार्डातला दर खरोखरच कमी असतो, आणि त्यामागे नुसता मोठा गठ्ठा हे कारण नाही. जुलै २०२२ पासून धान्य, डाळ, पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. २५ किलोच्या वरच्या पोत्यावर तो नाही. म्हणूनच बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले. पण काकांच्या हिशेबातून हे निसटतं की सुट्या मालावरही हा कर नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार तोच कट्टा फोडून तुम्हाला पाच किलो मोजून देतो, तेव्हा तुम्हीही कराबाहेरच असता. मॉलमधल्या चकचकीत पाच किलोच्या पिशवीशी तुलना केली तर यार्ड फार स्वस्त दिसतं. खरी तुलना सुट्या मालाशी करायला हवी, आणि तिथे फरक आटतो.

शिवाय तो दुकानदार महिनाभर खात्यावर देतो, व्याज न घेता. बाबांचा पगार सात तारखेला होतो, कधी दहालाही. यार्डात पैसे रोख नाहीतर फोनवरून, पण लगेच. आणि पोत्याचं वजन बारदानासकट सांगितलंय की बारदान वजा करून, हे आपणच विचारायचं.

आता कार्डाचं स्टोअर. मुळात ही दुकानं घरासाठी नाहीत. किराणावाले, खानावळी, कँटीन, ऑफिसं यांच्यासाठी ती उभी राहिली; व्यवसायाची नोंदणी दाखवून कार्ड घ्यायचं. आमच्याकडे कार्ड आहे ते वहिनीच्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानाचं. दहा माणसांचं घर म्हणजे छोटी खानावळच, असं काका म्हणतात. फरक इतकाच की खानावळीत गिऱ्हाईक वाढल्यावर माल वाढतो, आणि आमच्याकडे माल वाढला की खाणं वाढतं.

पहिल्या फेरीतच तेलाने मला शहाणं केलं. तिथे सोयाबीन तेलाचा डबा २३१० रुपयांना होता. यार्डात त्याच आठवड्यात डबा २४०० ला. काकांनी नव्वद रुपये वाचवल्याच्या आनंदात तो ट्रॉलीत टाकला. घरी आल्यावर मी डब्यावरचं वाचलं, तर तो १५ लिटरचा होता. यार्डातला १५ किलोचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. भाव पडला किलोला १६९ रुपये. यार्डात १६०. आणि कोपऱ्यावरची ९१० ग्रॅमची पिशवी १५० ला, म्हणजे किलोला १६५. मेंबरशिप, ट्रॉली, पार्किंग हे सगळं करून आम्ही तेल कोपऱ्यापेक्षा महाग आणलं होतं.

तेव्हापासून मी तेल फक्त ग्रॅमवर तोलते. पिशव्यांनाही हेच लागू, कारण ८५० ग्रॅमची पिशवीसुद्धा सर्रास 'लिटरची' म्हणून मागितली आणि दिली जाते. पाकिटावर एमआरपीच्या आसपास 'यूएसपी' असं लिहून ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापलेला असतो, तो बघत जा. मात्र तो एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानात सूट असेल तर भागाकार आपणच करायचा, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

दुसरा धडा बिलावर मिळाला. आम्ही जातो तिथे फळीवरच्या चिठ्ठीवर दोन भाव असतात, मोठ्या अक्षरात कर सोडून आणि बारीक अक्षरात करासकट. दुकानदारासाठी ते सोयीचं आहे, कारण भरलेल्या कराची वजावट त्याला पुढे मिळते. आपल्याला ती मिळत नाही. आपला भाव बारीक अक्षरातला.

पण या दोन्हींपेक्षा मोठा खड्डा वेगळा आहे, आणि तो स्टोअरला पैसे देताना दिसत नाही. काकू तेल सुरू केल्याची तारीख कालनिर्णयवर लिहिते. ती जुनी सवय आहे, गॅस सिलिंडरपासूनची. आमच्या महिन्याला आठ किलोच्या खपाने १५ किलोचा डबा ५६ दिवस पुरायला हवा. पहिला डबा ४७ दिवसांत संपला. दुसराही जवळपास तितकाच. म्हणजे डबा घरात असला की महिन्याचा खप साडेनऊ किलोवर जातो. कारण सोपं आहे. पिशवी संपत आली की हात आखडतो, "उद्या आणू, आज भजी नकोत" असं होतं. डब्याला तळ दिसत नाही. जास्तीचं दीड किलो तेल म्हणजे २४० रुपये. यार्डात तेलावर वाचले होते ४०.

नूडल्सचं तर विचारूच नका. महिन्याला म्हणून आणलेलं बारा पाकिटांचं बंडल मुलांनी नऊ दिवसांत संपवलं. एक किलो चीज, पाच किलोचा सॉसचा कॅन, या वस्तू आमच्या यादीत कधीच नव्हत्या. "एवढ्या स्वस्तात कुठे मिळणार?" असं म्हणून त्या आल्या. कपड्यांची पावडर मात्र फायद्यात पडली. ती कुणी खात नाही, खराब होत नाही, आणि मशीनला एक माप लागतं ते एकच लागतं. कार्डाच्या दुकानातून आणण्यासारखं मला एवढंच सापडलं: पावडर, भांड्यांचा साबण, फिनेल.

मग वाचतं कुठे? वर्षाचं धान्य एकदाच भरलं तर. जुन्या घरांत उन्हाळ्यात गहू भरायचे, ते नुसत्या हौसेने नव्हे. एप्रिलच्या सुमारास नवा गहू बाजारात येतो आणि दर उतरतो. आम्ही यंदा ४८० किलो लोकवन ३४ रुपयांनी घेतला, सोबत साठ किलो तूरडाळ. कोपऱ्यावरच्या भावाशी तुलना केली तर गव्हात ३८४० आणि डाळीत ७२० वाचतात. एकच मोठा टेम्पो आणि हमाली मिळून ११०० गेले. उरले ३४६०. बारा फेऱ्यांचे बारा टेम्पो वाचले म्हणून हे जमलं. त्यासाठी एप्रिलमध्ये एकरकमी चोवीस-पंचवीस हजार हातात हवेत, आणि ओल न येणारी खोली हवी. भाड्याच्या वन बीएचकेत दहा पोती ठेवायची कुठे?

आणि ३४६० वर काका खूश झाले तिथेच आमचं खरं भांडण झालं. कोपऱ्यावरचा ४२ रुपयांचा गहू मशीनने साफ केलेला असतो. हा नव्हता. यार्डात साफ केलेलाही मिळतो, पण त्याचा दर वाढतो आणि फरक तिथेच संपतो. आमचा गहू आई, काकू आणि वहिनी यांनी चाळला, निवडला, गच्चीवर ऊन दिलं, कडुनिंबाचा पाला घालून कोठ्या भरल्या. डाळीला एरंडेल चोळलं. अकरा दुपारी गेल्या. आमच्या भागात धान्य निवडून देणाऱ्या बायका किलोला चार रुपये घेतात. ४८० किलोचे १९२० होतात. ते वजा केले तर उरतात १५४०, आणि भाद्रपदात एखाद्या कोठीत टोके निघाले तर तेही नाहीत.

हा आकडा मी वहीत लिहिला तेव्हा काका म्हणाले, "घरच्या कामाची मजुरी कुणी धरतं का?" धरत नाहीत, म्हणूनच तर होलसेल स्वस्त दिसतं. रीलमधला माणूस ट्रॉली दाखवतो, गच्चीवर पसरलेला गहू आणि त्यापुढे वाकलेल्या तीन पाठी दाखवत नाही.

आजीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढच्या वर्षी गहू भरायचा की नाही?" भरायचा, असं ठरलं आहे, कारण त्या गव्हाच्या पोळ्या खरंच चांगल्या होतात. पण निवडायला बाई लावायची आणि तिचे पैसे काकांनी द्यायचे. कार्ड वहिनीच्या भावाला परत केलं. पावडर संपली की त्याच्याच हातून मागवू. तेल आता पिशवीने येतं, आणि काकू तारीख अजून लिहिते.