तिकडे दहा, तर इकडे किती?



द्राक्षाच्या हंगामात नाशिक-सांगलीकडच्या बागाइतदारांना नेदरलँडच्या व्यापाऱ्याशी फोनवर बैठक ठरवावी लागते. तो म्हणतो, "बुधवारी आमच्या सकाळी दहाला." आपण इकडे किती वाजता बसायचे? येथे गोंधळ होतो तो अर्ध्या तासाचा.

हा अर्धा तास आला कुठून, ते आधी पाहू. पृथ्वीच्या फिरण्यात एका रेखांशाला चार मिनिटे लागतात. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर धरली आहे. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे 330 मिनिटे, अर्थात साडेपाच तास. इंग्लंडातल्या ग्रीनिचच्या वेळेपेक्षा आपण तेवढे पुढे आहोत.

म्हणून हिशेब नेहमी ग्रीनिचवरून करावा. हिवाळ्यात नेदरलँड ग्रीनिचच्या एक तास पुढे असते. तिकडे दहा वाजले की ग्रीनिचला नऊ. नवात साडेपाच मिळवा, साडेचौदा झाले. म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच.

उलट हिशेब करताना जास्त जपावे. समजा, आपल्याला संध्याकाळी पाच सोयीचे आहेत. पाच म्हणजे सतरा. सतरातून आधी पाच काढा, राहिले बारा. आता अर्धा तासही काढायचाच आहे, म्हणजे साडेअकरा. पुष्कळजण येथे अर्धा तास मिळवून साडेबारा करतात आणि पुरा एक तास चुकतात. साडेअकरात नेदरलँडचा एक तास मिळवला की तिकडचे दुपारचे साडेबारा येतात.

उत्तर ताडून पाहण्याची एक सोपी खूण आहे. तिकडे पूर्ण तास असेल, तर इकडे दीड, अडीच किंवा 'साडे' काहीतरी आलेच पाहिजे. दोन्हीकडे पूर्ण तास आला, तर अर्धा तास कुठेतरी गळाला असे समजा. मात्र वरच्यासारखी पुऱ्या तासाची चूक या खुणेने सापडत नाही. त्यासाठी आलेले उत्तर घेऊन हिशेब उलटा करून पाहावा.

आणखी एक गोष्ट ऐन हंगामात आडवी येते. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास पुढे होतात, आपली होत नाहीत. त्यानंतर नेदरलँड ग्रीनिचच्या दोन तास पुढे. मग तिकडच्या दहाला ग्रीनिचला आठ आणि आपल्याकडे दुपारचा दीड. जुन्या सवयीने अडीचला फोन लावाल, तर व्यापारी तासभर वाट पाहून उठलेला असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुन्हा मागे येतात.

तेव्हा बैठक ठरवताना वार, तारीख आणि दोन्हीकडच्या वेळा एकाच कागदावर लिहा आणि समोरच्याला वाचून दाखवा. तिकडचे रात्रीचे आठ ठरले, तर हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा होतात आणि बुधवारचा गुरुवार झालेला असतो.