गेट उघडलं, घोडा पुढे आणि भाव धाडकन खाली: टोटमध्ये हॅकिंग होतं का?

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडे घोड्यांच्या शर्यतीवर फोनवरून पैसे लावणं कायदेशीर आहे आणि दादा शनिवारी दहा-वीस डॉलर लावतो. मागच्या महिन्यात त्याने मला दोन स्क्रीनशॉट पाठवले. पहिल्यात पाच नंबरच्या घोड्यासमोर ९-१ असा भाव, शर्यत सुरू व्हायला दोन मिनिटं बाकी. दुसऱ्यात निकाल: पाच नंबर जिंकला, आणि भाव ३-१. खाली एकच ओळ: "अरे, घोडा पळायला लागल्यावर भाव पडला. हे हॅकिंग नाही तर काय?"

प्रश्न रास्त आहे. ९-१ म्हणजे २० डॉलर लावले तर १८० नफा आणि आपले २० परत, एकूण २००. त्याच्या खात्यात आले ८४. हॉटेलात मेन्यूवर एक भाव आणि बिलात दुसरा, असंच कुणालाही वाटेल. अमेरिकेत या विषयावर सध्या जोरात वाद चालू आहे, आणि त्यात चूक नेमकी कुठे आहे हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून जरा आकडे घेऊन बसू या.

बोर्डावरचा आकडा हा भाव नसतोच

टोट म्हणजे एकत्र जमवलेला पैसा. विन पूलमध्ये, म्हणजे 'कोण जिंकणार' या पूलमध्ये, सगळ्यांचे पैसे एका जागी जातात. त्यातून आयोजक आणि सरकार आपला वाटा आधी काढून घेतात. उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते. ही कल्पना १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने चालवून दाखवली (पुढे मूलाँ रूज काढणाऱ्यांपैकी एक, तोच हा). १९१३मध्ये जॉर्ज ज्युलियसने न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला ही बेरीज करणारं पहिलं स्वयंचलित यंत्र बसवलं. आतलं गणित आजही तेच आहे:

```
डिव्हिडंड = (एकूण पूल − कपात) ÷ जिंकलेल्या घोड्यावरची रक्कम
```

यातली एकही रक्कम पूल बंद होईपर्यंत पक्की नसते. म्हणजे दादाला दिसलेला ९-१ हा 'आत्ता याच क्षणी पूल बंद झाला तर' असा आकडा होता. बुकीकडे भाव ठरला की तो तुमच्या तिकिटावर छापला जातो. टोटमध्ये तिकिटावर फक्त घोडा आणि रक्कम असते.

आयपीओला अर्ज केला असेल तर हे तुम्हाला आधीच माहीत आहे. पहिल्या दिवशी अ‍ॅपवर 'दीडपट भरला' दिसतं, आपण खुश होतो. शेवटच्या दिवशी दुपारी मोठे अर्ज येऊन पडतात, आणि शेअर लागण्याची शक्यता त्या शेवटच्या आकड्यावर ठरते. पहिल्या दिवशीच्या स्क्रीनशॉटला काही किंमत नाही.

दादाचे ११६ डॉलर गेले कुठे?

आकडे सोपे करून घेतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या रेसकोर्सवर विन पूलमधून १६ टक्के कपात होते, तीच धरू.

दोन मिनिटं आधी पूलमध्ये ६०,००० डॉलर आहेत. १६ टक्के गेले की वाटायला उरतात ५०,४००. पाच नंबरवर तेव्हा ५,००० लागले आहेत. भागाकार केला की एका डॉलरला १०.०८ डॉलर. त्यातला एक आपलाच, म्हणून बोर्डावर ९-१.

आता शेवटच्या दोन मिनिटांत ४०,००० डॉलर आणखी आले. त्यातले १५,००० एकट्या पाच नंबरवर. पूल झाला १ लाख, कपातीनंतर ८४,०००. पाच नंबरवर झाले २०,०००. भागाकार: ४.२०. बोर्डावर ३-१, आणि दादाच्या २० डॉलरचे ८४.

इथे एक गैरसमज फार दिसतो. लोकांना वाटतं, 'उशिरा पैसे आले म्हणून माझा वाटा कमी झाला.' नुसते पैसे आल्याने वाटा कमी होत नाही. आधी पाच नंबरवर पूलचा बारावा हिस्सा होता. नव्या ४०,००० मधलाही बारावा हिस्सा, म्हणजे साधारण ३,३३३ डॉलर त्याच्यावर आले असते, तर डिव्हिडंड होता तिथेच राहिला असता. इथे त्याच्यावर आले त्याच्या साडेचारपट. वाटा पातळ होतो तो या असमतोलामुळे.

आणि त्याची दुसरी बाजूही आहे. समजा त्याच शर्यतीत दोन नंबरवर आधी १२,००० होते, म्हणजे डॉलरला ४.२०. शेवटी त्याच्यावर फक्त १,००० आणखी आले. मग त्याचा डिव्हिडंड ८४,००० भागिले १३,०००, म्हणजे साधारण ६.४६ झाला. दोन नंबर जिंकला असता तर त्याच्यावर लावणाऱ्यांना दिसलं त्यापेक्षा जास्त मिळालं असतं. तसे स्क्रीनशॉट मला कुणी पाठवत नाही!

अजून एक छोटी कात्री असते. हिशोबात समजा डॉलरला ४.२७ आले, तर जुन्या पद्धतीप्रमाणे ते खाली ओढून ४.२० देतात आणि वरचे सात सेंट ठेवून घेतात. याला तिकडे ब्रेकेज म्हणतात. केंटकी राज्याने २०२२मध्ये हे बदलून हिशोब सेंटपर्यंत द्यायला लावला.

शेवटच्या सेकंदाला येतं कोण?

कॉम्प्युटर टीम्स. शर्यतीचा सगळा जुना डेटा घेऊन प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढायची, पूलमधले आकडे सतत वाचायचे, आणि दोन्हींत तफावत दिसली की शेकडो तिकिटं एका झटक्यात सिस्टिममध्ये ढकलायची. माणसाने बोटाने टाइप करून जमणारं हे काम नाही.

त्यांना उशिराच का यायचं असतं, हे वरच्या गणितातूनच कळतं. जितकं उशिरा, तितका बोर्डावरचा आकडा शेवटच्या डिव्हिडंडच्या जवळ. शिवाय आपलं बघून दुसरा कुणी मागून यायला वेळच उरत नाही.

पण त्यांच्या पैशाने त्यांचाच डिव्हिडंडही पडतो, त्यामुळे किती लावायचे यालाही मर्यादा असते. समजा त्यांच्या मॉडेलला पाच नंबरची शक्यता २५ टक्के वाटते. म्हणजे चारदा पळाला तर एकदा जिंकेल, आणि डॉलरला ४ मिळाले तर ना नफा ना तोटा. बोर्डावर १०.०८ दिसतंय म्हटल्यावर ते लावत राहणार, आणि डिव्हिडंड ४च्या आसपास आला की थांबणार. आपल्या उदाहरणात तो ४.२०ला थांबला, तो असा.

त्यात त्यांना रिबेट मिळतो. मोठी उलाढाल करतात म्हणून लावलेल्या रकमेतला काही भाग त्यांना परत दिला जातो. समजा शंभर डॉलरमागे त्यांचे सरासरी तीन बुडाले आणि सहा परत मिळाले, तर ते तीनने फायद्यात. दादाकडून १६ टक्के पूर्ण कापले जातात आणि त्याच पूलमध्ये समोरच्याकडून प्रत्यक्षात बरेच कमी. माझ्या मते खरी तक्रार इथे करायला हवी, स्क्रीनवरच्या आकड्याबद्दल नव्हे.

पण घोडा पळायला लागल्यावर भाव कसा पडला?

पैसे घेणारी ठिकाणं एक नाहीत. रेसकोर्स, दुसऱ्या राज्यातली केंद्रं, अ‍ॅप्स, सगळीकडून आकडे मुख्य टोट सिस्टिमकडे टप्प्याटप्प्याने येतात. गेट उघडताच पैसे घेणं बंद होतं, पण शेवटचा गठ्ठा मोजून बोर्डावर यायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात घोडा पहिल्या वळणावर पोचलेला असतो. पैसे आधीचे, दिसतात नंतर.

म्हणून कधीच लबाडी झाली नाही असं नाही. २००२च्या ब्रीडर्स कपमध्ये 'पिक सिक्स', म्हणजे सलग सहा विजेते ओळखायचा पूल होता. टोट कंपनीतल्या ख्रिस हार्न नावाच्या प्रोग्रामरने पहिल्या चार शर्यतींचे निकाल लागल्यावर मित्राच्या तिकिटात विजेते घोडे भरले. जमलं कसं? तिकिटांचा तपशील तेव्हा चौथ्या शर्यतीनंतरच मुख्य सिस्टिमकडे जायचा, तोपर्यंत तो स्थानिक कॉम्प्युटरवर पडून असे. पकडला गेला तो तिकिटाच्या विचित्र आकारामुळे: पहिल्या चार शर्यतींत एकेकच घोडा आणि शेवटच्या दोनमध्ये सगळेच्या सगळे. त्यात शेवटची शर्यत ४३-१ भावाच्या व्होल्पोनीने जिंकली, त्यामुळे सहाही विजेती तिकिटं यांचीच निघाली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. तीस लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम अडवली गेली आणि तिघं तुरुंगात गेले.

फरक ओळखायचा तर नुसता पडलेला भाव बघून उपयोग नाही. निकालानंतर एकूण पूल आणि घोड्यावरची रक्कम मिळत असेल तर वरचा भागाकार करून बघा. डिव्हिडंड जुळला म्हणजे वाटप बरोबर झालं. पैसे गेट उघडण्याआधीच आले होते का, हे मात्र फक्त सिस्टिममधल्या वेळेच्या नोंदीच सांगतात, आणि त्या आपल्या फोनवर नसतात.

आता उपाय काय चाललेत

न्यूयॉर्क रेसिंग असोसिएशनने २०२१पासून या टीम्सना विन पूलमध्ये शेवटच्या काही मिनिटांत यायला मनाई केली. कॅलिफोर्नियातल्या डेल मारनेही नंतर तोच रस्ता धरला. याने विन पूलचे झटके कमी होतात. पण पहिले दोन किंवा तीन घोडे क्रमाने सांगायच्या पूलमध्ये शेकडो जोड्या असतात, त्यांचे भाव बोर्डावर धड दिसतही नाहीत. तिथे तोच पैसा शिरला तर सामान्य माणसाला पत्ताही लागत नाही.

आपल्या महालक्ष्मीलाही टोट आहे. तिथे माझी शंका वेगळी आहे. घोड्यांच्या शर्यतीवर १ ऑक्टोबर २०२३पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. एवढ्या कपातीत मॉडेल चालवून नफा काढणं अवघडच. पण कराने लोक कमी झाले की पूल आटतो, आणि आटलेल्या पूलमध्ये भाव पाडायला कॉम्प्युटर लागत नाही. हिशोबापुरती २० टक्के कपात धरा. पूल ५०,००० रुपयांचा, घोड्यावर २,०००: रुपयाला २० रुपये. आता एकाच माणसाने शेवटी त्याच्यावर ५,००० लावले. वाटायला ४४,०००, घोड्यावर ७,०००, रुपयाला सव्वासहा.

दादाला मी हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं. उत्तर आलं: "म्हणजे मी बरोबर घोडा ओळखला होता ना?" हो दादा. तू आणि तुझ्यानंतर दोन मिनिटांत आलेल्या पंधरा हजार डॉलरनी.