‘सॅम्पल पाठवू का?’ एवढंच लिहू नका

नौपाड्यात माझं दुकान आहे, त्यामुळे नवीन ब्रँडचे मेल मलाही येतात. बहुतेकांत एकच ओळ असते: ‘सॅम्पल पाठवू का?’ माझं मत सांगतो. किती नग, कोणाचा खर्च आणि परत काय येणार, हे पहिल्याच मेलमध्ये लिहा.

सुरुवातीला मी एका बायरकडे मेतकुटाची 24 पाकिटं अशीच पाठवली. मला वाटलं विक्रीला ठेवतील, त्यांना वाटलं फुकट सॅम्पल आहे. पैसेही गेले, पाकिटंही गेली. भांडणार कशावर? लेखी काहीच नव्हतं.

आता मी असं लिहितो:

‘नमस्कार. मेतकूट, 100 ग्रॅम. चवीसाठी 2 पाकिटं मोफत, कुरिअर आमचं, ती परत नकोत. आवडल्यास ट्रायलला 12 पाकिटं. तुमचा दर करासह 60 रुपये, एमआरपी 85. न विकलेली सीलबंद पाकिटं 30 दिवसांनी आमच्या खर्चाने परत घेऊ, फुटलेली नाही. विकलेल्यांचे पैसे त्यानंतर 15 दिवसांत. मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्या.’

30 दिवसच का? माल चार महिने टिकत असेल, तर परत आलेलं पाकीट दुसरीकडे विकता येतं. 90 दिवस दिलेत तर ते कोण घेणार?

जीएसटी नोंदणी असेल तर ही 12 पाकिटं डिलिव्हरी चलनावर पाठवा. विकल्यावर बिल करा, उशिरात उशिरा सहा महिन्यांत. मोफत दिलेल्या दोनवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, तेही खर्चात धरा.

बायरचं उत्तर येईपर्यंत ट्रायलचा माल हलवू नका.