एक लाख बत्तीस हजार पांढऱ्या पेशी

रक्ततपासणीचा अहवाल सहसा संध्याकाळी मोबाइलवर येतो. पॅथॉलॉजिस्ट स्वतः दूरध्वनी करून ‘आजच, आत्ताच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा’ असे सांगतात, असा प्रसंग विरळाच. असा निरोप का दिला जातो, हे समजण्यासाठी एक नमुना अहवाल पाहू.

कापडाचे व्यापारी, वय ४८. तीन आठवडे थकवा, अधूनमधून ताप, दात घासताना हिरड्यांतून रक्त. सणाचे दिवस आणि दुकानातील धावपळ यांमुळे थकवा आला असावा, असे घरच्यांनी मानले. अहवालात हिमोग्लोबिन ७.९, प्लेटलेट १८,००० आणि पांढऱ्या पेशी १,३२,०००. निरोगी प्रौढांत पांढऱ्या पेशी एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० असतात.

यंत्र पेशी मोजते. अनोळखी पेशी दिसल्या की केवळ इशारा छापते. म्हणून पॅथॉलॉजिस्ट रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. येथे शंभर पेशी मोजल्या, तेव्हा त्यांतील ९४ ब्लास्ट, म्हणजे अगदी प्रारंभिक अवस्थेतील अपक्व पेशी निघाल्या. मोठे केंद्रक, त्याभोवती द्रवाची अरुंद किनार. अशा पेशींची जागा अस्थिमज्जेत. निरोगी प्रौढाच्या वाहत्या रक्तात त्या दिसत नाहीत. उरलेल्या सहांत पाच लिम्फोसाइट आणि जंतूंशी झुंजणारी परिपक्व न्यूट्रोफिल एकच. म्हणजे १,३२,००० पेशींत कामाच्या सुमारे १,३००. एरवी त्या किमान २,००० तरी असतात. पेढी शिकाऊ उमेदवारांनी ओसंडून वाहते आहे आणि हिशेब जाणणारा मुनीम मात्र जवळजवळ दिसत नाही, अशी ही अवस्था.

केवळ मोठा आकडा पाहून निष्कर्ष काढता येत नाही. तीव्र जंतुसंसर्गातही पेशी ५०,००० पर्यंत चढू शकतात. पण त्या बहुतांशी परिपक्व असतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात आकडा दीड लाखही असेल, मात्र तेथे वाढीच्या सर्व पायऱ्यांवरील पेशी काचेवर दिसतात, प्लेटलेट बहुधा पुरेशा असतात आणि रुग्ण हिंडता-फिरता असतो. त्याच्या बाबतीत काही दिवसांचा अवधी मिळतो. आपल्या नमुन्यात मधल्या पायऱ्याच नाहीत. रक्तात वा मज्जेत २० टक्के ब्लास्ट असले तरी तीव्र ल्युकेमियाचे निदान सामान्यतः गृहीत धरले जाते. येथे ते ९४ टक्के आहेत.

घाई कशासाठी? ब्लास्ट आकाराने मोठे, ताठर आणि चिकट असतात. ते लाखाच्या पुढे गेले की फुप्फुसांतील व मेंदूतील केशवाहिन्या तुंबू शकतात. दम लागणे, धूसर दिसणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे. या पेशी फुटू लागल्या की पोटॅशियम आणि युरिक आम्ल वाढून हृदय व मूत्रपिंडे संकटात येतात. म्हणून शिरेतून भरपूर द्रव, युरिक आम्ल रोखणारे औषध आणि संख्या उतरवण्यासाठी हायड्रॉक्सियुरिया बहुधा त्याच दिवशी सुरू होते.

तिसरा धोका रक्तस्रावाचा. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात रक्त गोठवणारे घटकच संपत जातात आणि मेंदूत रक्तस्राव होऊन पहिल्या काही दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो. (या प्रकारात पांढऱ्या पेशी बहुधा कमी असतात, त्या वाढलेल्या असतील तर धोका अधिकच.) पेशींत काडीसारख्या रेषांच्या मोळ्या दिसल्या आणि हा संशय आला, तर जनुकीय अहवालाची वाट न पाहता ट्रान्स-रेटिनोइक ॲसिडच्या कॅप्सूल सुरू करतात. सुरुवातीचे दिवस निभावले, तर यातील बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. एका दिवसाचे मोल इतके असते.

घरी सद्भावनेने काही गोष्टी केल्या जातात, त्या येथे घातक ठरतात. तापासाठी ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नये आणि दंडात वा कमरेत इंजेक्शन घेऊ नये. प्लेटलेट इतक्या कमी असताना दोन्हींनी रक्तस्राव वाढतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी लिम्फॉइड प्रकारातील पेशी झपाट्याने फुटतात आणि निदानही गढूळ होते. हिमोग्लोबिन ७.९ पाहून लगेच रक्त चढवण्याचा आग्रह स्वाभाविक आहे. परंतु पांढऱ्या पेशी उतरण्यापूर्वी लाल पेशी दिल्या तर रक्त अधिक दाट होते. याउलट प्लेटलेट मात्र लगेच लागू शकतात.

काचपट्टी प्रकार नक्की सांगत नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री, अस्थिमज्जेची व जनुकीय तपासणी लागते. म्हणून रक्तपेढीची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि निघताना प्रयोगशाळेकडून छापील अहवालासोबत ती रंगवलेली काचपट्टीही मागून घ्यावी. पूर्वीचे, अगदी वर्षभरापूर्वीचे रक्ताचे अहवाल घरात असतील, तर तेही सोबत असू द्यावेत.