दोष पडद्याचा नव्हे, चार्जरचा

चार्जिंगला लावलेल्या फोनवरून पैसे पाठवताना पाचशेच्या जागी पाच हजार उमटतात, बोट न लावता पाने सरकतात. वायर काढली की सारे सुरळीत. आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांना दुकानदाराने यावर नवा पडदा बसवायला सांगितले. पडदा बदलला, पण तक्रार तशीच राहिली.

फोनचा पडदा दाब ओळखत नाही. काचेखालच्या जाळीतील विद्युतधारिता बोटामुळे किंचित बदलते, तो अतिसूक्ष्म बदल तो मोजतो. चार्जर 230 व्होल्टचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून 5 व्होल्टवर आणतो. या उघडझापेतून विद्युत गोंगाट निर्माण होतो. चांगल्या चार्जरमध्ये तो शोषून घेणारे छोटे कपॅसिटर आणि गाळणी असते. स्वस्त चार्जरमध्ये नेमके तेच वगळतात. मग संपूर्ण फोनच जमिनीच्या तुलनेत वर-खाली थरथरू लागतो. बोट टेकले की शरीरातून त्या गोंगाटाला वाट मिळते आणि पडदा त्यालाच स्पर्श समजतो. बॅटरीवर चालणाऱ्या फोनला ही वाट नसते.

त्या गृहस्थांनी तोच फोन पॉवर बँकेला लावला, तेव्हा पडदा नीट चालला. त्याच सॉकेटमध्ये दुसरा, नामांकित चार्जर लावला, तरीही नीट. दोषी जुना चार्जरच होता. पॉवर बँकेवरही पडदा बहकला असता, तर वायर किंवा फोन तपासावा लागला असता.

दोन पिनांच्या चार्जरचा घरातील अर्थिंगशी संबंध येत नाही. मात्र तीन पिनांच्या लॅपटॉपवरून फोन चार्ज होत असेल, तर येतो. सॉकेटची अर्थिंगची तार तुटलेली असेल किंवा तिसरी पिन वगळली असेल, तर गळतीचा प्रवाह जमिनीत न जाता लॅपटॉप आणि फोनच्या धातूवर थांबतो. हाताला मुंग्या येतात आणि पडदाही बहकतो. अशा वेळी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

या मुंग्यांकडे काणाडोळा करू नये. सुरक्षित कपॅसिटर निकामी झाला तरी आरपार जोडला जाणार नाही, अशा बेताने बनवलेला असतो. त्याऐवजी साधा बसवला आणि तो आरपार गेला, तर 230 व्होल्ट थेट हातातील फोनवर येऊ शकतात. बहकणारा पडदा हा त्या निकृष्ट बांधणीचा पहिला इशारा असू शकतो.

म्हणून असा चार्जर कुणाला न देता ई-कचऱ्यात टाकावा. नवा घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. BIS Care ॲपवर तो पडताळता येतो. छापील चिन्हाची नक्कल सोपी असल्याने ही पडताळणी ग्राहकांनी करावीच. पण क्रमांक नसलेले चार्जर दुकानात राजरोस टांगलेले दिसतात, त्याचा जाब यंत्रणेनेच घ्यायला हवा.