चतकोर भाकरी आणि चाळीस किलोंचा ब्रुनो

दिवाळीत धाराशिवला घरी गेलो आणि दारात ब्रुनोला बघून बॅग हातातून खालीच पडली. आमचा लॅब्रेडॉर, वय वर्षं सहा. पूर्वी गेटवरून उडी मारायचा, आता नुसती शेपटी हलवतानाही धापा टाकत होता. वरून बघितलं तर कंबर गायब. बरगड्यांवर हात फिरवला तर बोटांना गादी लागली. समोरच्या भुसार दुकानातल्या काट्यावर त्याला उभा केला. ४० किलो! लसीकरणाच्या जुन्या कार्डावर, तो दोन वर्षांचा आणि छान सडपातळ असतानाचा आकडा होता ३२.

आईला विचारलं, "हा खातो तरी काय?" उत्तर ठरलेलं: "काही नाही रे, दोन घास."

मग ते दोन घास मोजायला बसलो. दिवसाला चार भाकऱ्या. एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम ज्वारीचं पीठ, म्हणजे २८० कॅलरी. चारांच्या ११२०. अर्धा लिटर म्हशीचं दूध, साडेपाचशेच्या आसपास. झाल्या पावणेसतराशे, आणि हे फक्त कबूल केलेलं खाणं!

डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेतलं. थायरॉइड मंदावलं असेल तर कमी खाऊनही कुत्रा फुगतो. ब्रुनोचं सगळं नॉर्मल निघालं, म्हणजे गुन्हेगार आम्हीच. पुढचा फंडा मात्र मला नवा होता. खाणं आजच्या वजनावर नाही, हव्या असलेल्या वजनावर काढायचं. वर्गमूळाचं बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. ३२ ला ३२ ने दोनदा गुणा, ३२,७६८ येतात. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, साधारण १३.४५. त्याला ७० ने गुणा: ९४०. ब्रुनोचा दिवसभराचा कोटा एवढाच, म्हणजे आईच्या 'दोन घासां'च्या निम्म्याहून थोडाच जास्त.

आता यातली मेख. नेहमीचंच खाणं निम्म्यावर आणलं तर कॅलरींबरोबर प्रोटीन आणि खनिजंही निम्मी होतात. चरबीसोबत स्नायू झडतात आणि भुकेनं कुत्रा घर डोक्यावर घेतो. म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठीचं खास कोरडं खाणं दिलं, प्रोटीन आणि चोथा जास्त असलेलं. (खिशाला चटका बसतो, खोटं कशाला बोलू.) पाकिटावर १०० ग्रॅमला ३४० कॅलरी लिहिलेल्या होत्या. कोट्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ९० कॅलरी, वरच्या खाऊसाठी राखल्या. उरलेल्या ८५० चे होतात २५० ग्रॅम. सकाळी १२५, संध्याकाळी १२५, आणि तेही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. वाटीनं मोजलं की हात सैल सुटतोच. जुन्या खाण्यातून नव्यावर मात्र आठवडाभरात हळूहळू आणलं, नाहीतर पोट बिघडतं.

आईचा चेहरा पडला. "मुकं जनावर आहे रे ते, उपाशी ठेवायचं?" शेवटी तह झाला. राखलेल्या ९० मधून रोज चतकोर भाकरी, ७० कॅलरी, तिच्या हातची. बाकी काकडीचे तुकडे. कांदा-लसणाच्या भाजीत बुडवून नाही, आणि द्राक्षं तर अजिबात नाही. आमच्याकडे हंगामात घरोघरी द्राक्षं असतात, पण कुत्र्याच्या किडनीला ती विषासारखी बाधू शकतात.

आठवड्याला वजनाच्या एक टक्का घट उत्तम, दोन टक्के ही कमाल. ब्रुनोसाठी म्हणजे ४०० ते ८०० ग्रॅम. आठ किलो उतरवायला अडीच ते पाच महिने लागणारच. त्याहून वेगानं उतरलं तर खाणं वाढवायचं, आणि कुत्र्यानं खाणंच सोडलं तर थेट दवाखाना.

दर पंधरा दिवसांनी बाबा त्याला त्याच काट्यावर न्यायचे. पहिल्या पंधरवड्यात ३९.५. दुसऱ्यातही ३९.५! अशा वेळी कोटा दहा टक्क्यांनी कमी करतात, पण आधी गळती शोधायची. फोनवर बाबांची उलटतपासणी घेतली. संध्याकाळी फिरून आल्यावर "शहाण्यासारखा चालला म्हणून" रोज दोन पेढे! कुंथलगिरीचे, खव्याचे, दोन मिळून पावणेदोनशे कॅलरी. म्हणजे ९४० चा कोटा रोज अकराशेच्या वर जात होता. कोट्याला हातही लावला नाही. फक्त पेढ्याचा डबा फळीच्या वरच्या कप्प्यात गेला.

बाराव्या आठवड्यात काट्यावर ३६.२. बरगड्या आता हाताला लागतात, कंबर थोडी दिसायला लागलीय. उन्हाळा जवळ आल्यामुळे फिरणं पहाटे सहालाच उरकतात. कमी वजनाप्रमाणे कोटा बदलायचा का, असं बाबांनी विचारलं. नाही, तो ३२ वरच काढलेला आहे. ३२ आले की पुन्हा डॉक्टरांकडे जायचं आणि वजन टिकवण्याचा नवा कोटा काढायचा. तोवर चतकोर भाकरी चालू आहे. परवा आईनं फोटो पाठवला: चतकोर जरा मोठाच वाटत होता.