साडेसातचं जेवण आणि न्यूयॉर्कचं घड्याळ

पुण्यातल्या एका गृहस्थांचं संध्याकाळचं वेळापत्रक जानेवारीपासून अगदी ठरून गेलं होतं. वय ५२, मधुमेह १४ वर्षांचा, दोन वेळा इन्सुलिन. ऑफिसातून साडेपाचला निघायचं, सातला मिश्र इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं, साडेसातला जेवायचं आणि आठला लॅपटॉप उघडून न्यूयॉर्क आणि लंडनच्या सहकाऱ्यांसोबत बैठकीला बसायचं. बैठकीची वेळ कशी ठरली, तर न्यूयॉर्कच्या साहेबांनी मोबाइलमधल्या जागतिक घड्याळाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. मुंबई रात्री ८, लंडन दुपारी अडीच, न्यूयॉर्क सकाळी साडेनऊ. सगळ्यांनी अंगठा दाखवला. ते चित्र ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवलं गेलं आणि बैठकीचं रोजचं निमंत्रण निघालं.

सोमवार, ९ मार्च २०२६. गृहस्थांनी नेहमीप्रमाणे बरोबर सातला इंजेक्शन घेतलं. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. पाच मिनिटांनी मुलगा फोन घेऊन आला, "बाबा, तुमची मीटिंग सुरू झालीये म्हणतात." ते गोंधळले, पण बसले. अर्ध्या तासाची बैठक त्या दिवशी सव्वाआठपर्यंत लांबली. आठच्या सुमाराला हात थरथरू लागले, छातीत धडधड, आणि एका साध्या प्रश्नावर त्यांनी लंडनच्या बाईंना तिरसट उत्तर दिलं. कॅमेरा बंद होता, त्यामुळे पलीकडच्यांना वाटलं, स्वारी आज चिडलेली दिसते. बायको ताट वाढायला आली तेव्हा सदरा घामाने भिजलेला. "अहो, पंखा चालू असताना घाम कसला आलाय?" तिनेच मशिनवर साखर तपासली. ५८ निघाली.

७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की उपचार ताबडतोब करायचा असतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग जेवण दिलं. निभावलं. पण इन्सुलिन वेळेवर, मात्रा बरोबर, पथ्य व्यवस्थित आणि तरीही हे झालं. चूक घड्याळाच्या एका चित्रात होती.

आदल्या दिवशी, ८ मार्चला, अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली होती. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी हे होतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा मागे येतात. ब्रिटनमध्येही हा प्रकार आहे, पण तारखा वेगळ्या: मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे वर्षातून दोनदा, वसंतात दोन-तीन आठवडे आणि शरदात एखादा आठवडा, या दोन देशांतलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चारच तासांचं होतं. आपल्याकडे १९४२ ते १९४५ या युद्धकाळात घड्याळं तासभर पुढे होती, आणि आता गेली कित्येक दशकं भारतीय प्रमाणवेळ हललेली नाही. त्यामुळे 'न्यूयॉर्क साडेदहा तास मागे' हे आपण पाढ्यासारखं पाठ करून टाकतो. ते हिवाळ्यापुरतं खरं आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तासच मागे असतं.

जागतिक घड्याळ स्वतः चुकत नाही; ८ मार्चनंतर फोन उघडला असता तर त्याने नवीन अंतर दाखवलंच असतं. चुकतो तो त्याचा स्क्रीनशॉट, कारण तो जानेवारीतल्या एका मिनिटाचा फोटो आहे. निमंत्रणाच्या स्क्रीनशॉटची गंमत आणखी वेगळी. निमंत्रण आपल्या फोनवर उघडलं तर ते आपल्या वेळेत दिसतं, पण दुसऱ्याने पाठवलेल्या फोटोत त्याची वेळ दिसते आणि ती कुठल्या गावची हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. लिहिलेलं असलं तरी भरवसा नाही. अमेरिकी मंडळी बाराही महिने सवयीने EST लिहितात. नियमाने ते फक्त हिवाळ्याचं नाव आहे, उन्हाळ्यात EDT हवं. आउटलुकच्या यादीत तर जुलैमध्येही (UTC-05:00) Eastern Time (US & Canada) असंच दिसतं, जरी त्या वेळी न्यूयॉर्क जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, चारच तास मागे असतं. तो आकडा वाचून कुणी बोटांवर हिशेब केला तर तासाची चूक ठरलेलीच. हिशेबाला आद्याक्षरं घेऊ नयेत, शहराचं नाव घ्यावं.

आता मूळ प्रश्न: तिन्ही गावांचे कामाचे समान तास किती? पुण्याची मंडळी, घरून बसण्याची तयारी धरून, सकाळी ११ ते रात्री साडेआठ उपलब्ध आहेत. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून यूटीसीत हे झालं पहाटे साडेपाच ते दुपारी ३. लंडन हिवाळ्यात यूटीसीवरच असतं: ९ ते साडेपाच. न्यूयॉर्कचे ९ ते ५ म्हणजे यूटीसी दुपारी २ ते रात्री १०. तिन्ही पट्ट्या एकाखाली एक काढल्या तर दुपारी २ ते ३ एवढाच तुकडा तिघांचा निघतो. पुण्यात ते साडेसात ते साडेआठ. दिवसभरातून एक तास, तोही आपल्या दिवसाच्या अगदी टोकाला. उन्हाळ्यात न्यूयॉर्क तासभर अलीकडे सरकतं आणि हा तुकडा साडेसहा ते साडेआठ असा दुप्पट होतो.

हा हिशेब एका तारखेसाठी करून थांबू नये. चार तारखा घ्याव्यात: १५ जानेवारी, १६ मार्च, १५ जुलै आणि २८ ऑक्टोबर. चारही वेळा जे जमतं तेच खरं समान. टीममध्ये सिडनीचं कुणी असेल तर एप्रिल आणि ऑक्टोबरचे पहिले रविवारही धरावे लागतात, कारण तिथले ऋतू उलटे आणि घड्याळंही उलटी सरकतात. सॅन फ्रान्सिस्को असेल तर मात्र पट्ट्या जुळवत बसण्यात अर्थ नाही. तिथले हिवाळ्यातले सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेदहा. कुणीतरी पहाटे किंवा रात्री बसणार, आणि ते कोण हे उघडपणे ठरवायला हवं.

पण पुणे-लंडन-न्यूयॉर्कचा पेच सुटण्यासारखा आहे, आणि तो सोडवण्याची जागा निमंत्रण तयार करतानाच्या एका छोट्या खिडकीत आहे. रोजच्या बैठकीचं निमंत्रण कुठल्यातरी एका गावच्या घड्याळाला बांधलेलं असतं. साहेबांनी ते न्यूयॉर्कला तयार केलं, म्हणून ते न्यूयॉर्कच्या साडेनवाला बांधलं गेलं. तिथलं घड्याळ सरकलं तशी पुण्याची बैठक आठवरून सातवर आली आणि लंडनच्या बाईंची अडीचवरून दीडवर, ऐन जेवणाच्या सुट्टीत. ज्यांच्या कामाच्या सकाळी ही बैठक बसते त्यांची वेळ अचल आणि ज्यांच्या संध्याकाळच्या टोकाला ती लटकते त्यांची हलती, अशी ही उलटी वाटणी आहे. हे कुणी ठरवून केलेलं नसतं, पण परिणाम तोच.

निमंत्रण भारतीय वेळेला बांधलं तर काय होतं ते पाहा. पुण्यात बाराही महिने रात्री ८. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. लंडनमध्ये हिवाळ्यात अडीच, उन्हाळ्यात साडेतीन. चारही तारखांना सगळे कामाच्या वेळेतच राहतात. कॅलेंडरमध्ये वेळेशेजारी टाइम झोनचा पर्याय असतो, तिथे भारत निवडला की काम झालं. यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: उन्हाळ्यात साडेसहाला बसता येत असेल तर पुणेकरांनी आठपर्यंत का थांबायचं? ज्यांना लहान मुलं आहेत, ज्यांचा प्रवास लांबचा आहे, त्यांना लवकरची वेळ सोयीची पडेल. तसं ठरवायलाही हरकत नाही. फक्त ते सर्वांना विचारून, आठवडाभर आधी सांगून व्हावं. रविवारी पहाटे अमेरिकेतल्या कायद्याने परस्पर होऊ नये.

कारण संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आपल्याकडे नुसता मोकळा वेळ नसतो. जेवण असतं आणि जेवणाला बांधलेली औषधं असतात. मिश्र मानवी इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतलं जातं. एकदा ते टोचलं की ताट पुढे ढकलता येत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. शिवाय त्याच जेवणाने रात्री उशिरा साखर सकाळपेक्षा जास्त चढते, म्हणून बैठक आधी आणि जेवण दहाला हा उपायही मधुमेह्याला परवडत नाही. समान तास शोधताना म्हणूनच 'तुमचे कामाचे तास कोणते' एवढं विचारून भागत नाही, 'कुठला अर्धा तास हलवता येणार नाही' हेही विचारायला हवं. आजार सांगायची गरज नाही. कॅलेंडरवर साडेसात ते आठ 'जेवण' असा चौकोन टाकला की निमंत्रण पाठवणाऱ्याला ती जागा भरलेली दिसते.

इथे डॉक्टरांचाही वाटा आहे. चिठ्ठीवर 'जेवणाआधी अर्धा तास' लिहिलं जातं आणि पुढचा रुग्ण आत येतो. संध्याकाळी सातला तुम्ही नेमके कुठे असता, जेवण रोज त्याच वेळी मिळतं का, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. ज्यांच्या जेवणाची खात्री नाही त्यांच्यासाठी ताट समोर आल्यावर घ्यायची जलद इन्सुलिन आहेत, पण तो बदल स्वतःच्या मनाने करायचा नाही. तोवर इतकं तरी पाळावं: ताट नक्की कधी येणार हे ठरल्याशिवाय सुई टोचू नये, लॅपटॉपशेजारी साखरेची पुडी ठेवावी, आणि हात थरथरले तर बैठक सोडून आधी ती खावी.

या गृहस्थांची बैठक आता भारतीय वेळेला बांधलेली आहे. ग्रुपवरचं पिन केलेलं चित्र काढून टाकलं. निमंत्रण बदलायला दोन मिनिटं लागली आणि साहेबांनी कुरकुर केली नाही. उलट सकाळची पहिली कॉफी निवांत होते म्हणाले. १ नोव्हेंबरला त्यांची घड्याळं मागे येतील तेव्हा ही बैठक न्यूयॉर्कमध्ये साडेदहावरून साडेनवाला येईल. पुण्यात त्या सोमवारीही इंजेक्शन सातला आणि ताट साडेसातला.